पन्नास हजारांची बाकी आणि पाच टक्क्यांचा हप्ता

आमच्या इमारतीतली एक मुलगी परवा दोन बिलं घेऊन घरी आली. खासगी शाळेत शिकवते. पतसंस्थेत सत्तावीस वर्षं मी खतावण्या लिहिल्या, त्यामुळे असले कागद घेऊन लोक माझ्याकडे येतात. तिने बिलं टेबलावर ठेवली, एक या ऑक्टोबरचं आणि एक मागच्या ऑक्टोबरचं. ‘काकू, वर्षभर मी एकही महिना चुकवला नाही. बिलात जेवढे किमान भरायला सांगतात तेवढे वेळेवर भरते. कार्डावर एक पैशाची खरेदी केली नाही. मग बाकी हलत का नाही?’

मागच्या ऑक्टोबरला बाकी होती सुमारे ५६,००० रुपये, या ऑक्टोबरला ५०,०००. (आकडे मी थोडे गोल केले आहेत.) मधल्या बारा महिन्यांत तिने भरले होते जवळजवळ ३२,००० रुपये. म्हणजे ३२ हजार गेले आणि कर्ज उतरलं सहा हजारांनी. बँकेने तिला फसवलं, असा तिचा संशय होता. मी कागद-पेन्सिल घेऊन तिच्याबरोबर बसले. बँकेचा हिशेब रुपयापर्यंत बरोबर निघाला, आणि हे मला फसवणुकीपेक्षा जास्त बोचलं.

तिच्या कार्डाचा व्याजदर बिलाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात आहे: दरमहा साडेतीन टक्के, वर्षाला ४२ टक्के. आपल्याकडच्या बऱ्याच कार्डांचा दर याच आसपास असतो. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो. घरकर्जाच्या किंवा पतसंस्थेच्या कर्जाच्या व्याजावर हा कर नसतो, कार्डाच्या व्याजावर असतो. त्यामुळे साडेतीनाचे प्रत्यक्षात ४.१३ टक्के होतात. हा आकडा लक्षात असू द्या, पुढे तो परत येणार आहे.

आता हे व्याज कशावर मोजतात ते पाहू. बिलावर जी बाकी छापलेली असते तिच्यावर सरसकट साडेतीन टक्के, असं बहुतेकांना वाटतं. तसं नाही. बँक रोज रात्री खात्यावर किती बाकी आहे ते पाहते आणि महिन्याच्या सगळ्या दिवसांच्या बाक्यांची बेरीज करते. त्या बेरजेला दिवसांनी भागलं की निघते सरासरी दैनिक बाकी. व्याज लागतं ते या सरासरीवर. आमच्या संस्थेत जुने लोक याला ‘दिवसाचा गुणाकार’ म्हणत: रक्कम गुणिले दिवस.

तिच्या बिलाची तारीख दर महिन्याची १० आणि भरण्याची शेवटची तारीख ३०. म्हणून ११ ऑक्टोबर ते १० नोव्हेंबर हे ३१ दिवस आम्ही कागदावर मांडले. ११ ते २९ ऑक्टोबर असे १९ दिवस बाकी ५०,००० होती, म्हणजे गुणाकार साडेनऊ लाख. ३० तारखेला तिने किमान रक्कम भरली. तिच्या बँकेत ती एकूण बाकीच्या पाच टक्के असते, म्हणजे २,५०० रुपये. तिथून १० नोव्हेंबरपर्यंत १२ दिवस बाकी ४७,५००, गुणाकार पाच लाख सत्तर हजार. दोन्हींची बेरीज पंधरा लाख वीस हजार. तिला ३१ ने भागलं तर सरासरी बाकी ४९,०३२ रुपये येते. बेरजेला वर्षाच्या ४२ टक्क्यांनी गुणून ३६५ ने भागलं की व्याज निघतं १,७४९ रुपये. त्यावर जीएसटी ३१५ रुपये. एकूण २,०६४.

‘म्हणजे माझ्या अडीच हजारांतले…’ ती म्हणाली आणि थांबली. मी आकडा लिहिला: ४३६. अडीच हजार भरल्यावर कर्ज ४३६ रुपयांनी कमी झालं. १० नोव्हेंबरचं बिल आलं ते ४९,५६४ रुपयांचं, आणि आमचा कागद त्याच्याशी तंतोतंत जुळला.

तिने तो हप्ता शेवटच्या तारखेची वाट न पाहता १२ ऑक्टोबरलाच भरला असता तर? अडीच हजार रुपये अठरा दिवस आधी उतरले असते, म्हणजे गुणाकार ४५,००० ने कमी. व्याजात फरक ५२ रुपये, करासकट ६१. फार नाही. पण जिथे बोनस, भिशीचे पैसे, एलआयसीची परतफेड अशी मोठी रक्कम हातात येते, तिथे हा फरक मोठा होतो. वीस हजार रुपये अठरा दिवस बचत खात्यात पडून राहिले तर इकडे कार्डावर करासकट ४९० रुपये चढतात. ज्याच्यावर कार्डाची बाकी आहे त्याच्यासाठी शेवटची तारीख म्हणजे फक्त दंड टाळण्याची तारीख. पैसे भरायची योग्य तारीख म्हणजे ज्या दिवशी ते हातात आले ती.

याची दुसरी बाजू अधिक जाचक आहे. कार्ड घेताना आपल्याला पंचेचाळीस-पन्नास दिवस बिनव्याजी मिळतात असं सांगितलं जातं. ते खरं आहे, पण ज्याने मागचं बिल पूर्ण भरलं त्याच्यासाठी. मागच्या बिलातली बाकी शिल्लक असेल तर ही सवलत बंद होते. मग नवीन खरेदीवर त्याच दिवसापासून व्याज सुरू होतं, त्या खरेदीचं बिलही अजून आलेलं नसताना. समजा या मुलीने २ नोव्हेंबरला आईची ५,००० रुपयांची औषधं कार्डावर घेतली असती. १० तारखेपर्यंत नऊ दिवस, गुणाकार पुन्हा ४५,०००, म्हणजे त्याच बिलात ५२ रुपये व्याज आणि वर कर. एटीएममधून कार्डावर रोख काढली तर मागचं बिल पूर्ण भरलेलं असलं तरी व्याज पहिल्या दिवसापासूनच लागतं, शिवाय रोख काढण्याचा वेगळा आकार असतो.

आणि तो ४३६ चा आकडा पुन्हा पाहा. किमान रक्कम भरून महिन्यात ४३६ रुपये कर्ज उतरतं, याचा अर्थ महिन्यात त्याहून जास्त खरेदी कार्डावर झाली तर पुढचं बिल मागच्यापेक्षा मोठं येणार. गॅसचा एक सिलिंडर कार्डावर नोंदवला तरी महिनाभराची परतफेड पुसली जाते. तिने वर्षभर कार्ड वापरलं नाही म्हणून निदान सहा हजार उतरले. मी पाहिलेल्या बहुतेक लोकांचं तेवढंही उतरत नाही. ते किराणा कार्डावर घेतात, किमान रक्कम वेळेवर भरतात, आणि आपण हप्ते फेडतो आहोत अशा समजुतीत असतात.

तिचा पुढचा प्रश्न सरळ होता: ‘असंच भरत राहिले तर किती महिने लागतील?’

पन्नास हजारांना अडीच हजारांनी भागून वीस महिने, असं तिने मनात धरलं होतं. व्याज धरून तीस म्हणू या. पण इथे एक गोष्ट नजरेतून सुटते. किमान रक्कम हा ठरलेला हप्ता नाही, ती बाकीची टक्केवारी आहे. बाकी कमी झाली की किमान रक्कमही कमी होते. नोव्हेंबरच्या बिलात ती २,४७८ होती. त्यापुढे आणखी थोडी कमी, मग आणखी थोडी. कर्ज हळूहळू उतरतं आणि ते उतरवणारा हप्ताही त्याच्याबरोबर खाली सरकतो. सरासरी महिना धरला तर बाकी दरमहा जेमतेम ०.९५ टक्क्यांनी घटते. पाच टक्के आपण भरतो, त्यातले चारांहून थोडे जास्त व्याज आणि कर घेऊन जातात, उरतं ते एवढंच.

या गतीने ५०,००० चे २५,००० व्हायला ७३ महिने लागतात, सहा वर्षांहून जास्त. त्या पंचवीसचे साडेबारा व्हायला आणखी ७३ महिने. बँका किमान रकमेलाही एक खालची मर्यादा ठेवतात, ती आपण २०० रुपये धरू. त्या मर्यादेला पोहोचेपर्यंत, म्हणजे बाकी चार हजारांवर येईपर्यंत २६५ महिने जातात. तिथून पुढे हप्ता दोनशेवर थांबतो आणि कर्ज खऱ्या अर्थाने उतरू लागतं, तरी आणखी ४२ महिने लागतात. एकूण सुमारे ३०७ महिने. साडेपंचवीस वर्षं. या काळात भरले जातील जवळजवळ अडीच लाख रुपये, पन्नास हजारांच्या बाकीसाठी, आणि तेही एक पैशाची नवी खरेदी न करता.

ती मुलगी एकोणतीस वर्षांची आहे. मी तिला आकडा सांगितला तेव्हा ती काही बोलली नाही, फक्त कागद स्वतःकडे ओढून पुन्हा बेरीज करू लागली.

हिशेबातली एक बारीक गोष्ट सांगते. न भरलेला कर आणि आकार मुद्दलात मिळवून त्यावर व्याज लावू नये, असं रिझर्व्ह बँकेचं बंधन आहे. मी सोपेपणासाठी कराची रक्कम बाकीत धरूनच चालले. तो वगळला तर सुरुवातीच्या महिन्यांत सात-आठ रुपयांचा फरक पडतो, आणि साडेपंचवीस वर्षांतले काही महिने कमी होतात. चित्र बदलत नाही.

चित्र बदलतं ते एका साध्या गोष्टीने, आणि ती मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. तिला दरमहा अडीच हजार भरणं जमत होतंच. बिलात किमान रक्कम २,४७८ येवो, २,२०० येवो की १,८०० येवो, तिने दर महिन्याला २,५०० च भरले तर? साडेपंचवीस वर्षांचे होतात ४२ महिने, म्हणजे साडेतीन वर्षं. एकूण भरणा सुमारे १,०४,००० रुपये. व्याज तेव्हाही भरमसाटच आहे, मुद्दलापेक्षा जास्त. पण दीड लाख रुपये आणि बावीस वर्षं वाचली, ती पहिला हप्ता खाली सरकू न दिल्यामुळे. दरमहा पाच हजार भरता आले तर १३ महिने पुरतात आणि एकूण ६४-६५ हजार जातात.

हा हिशेब स्वतःच्या बाकीसाठी करायचा तर मोबाइलवरच्या कुठल्याही स्प्रेडशीटमध्ये एका चौकटीत एवढं लिहिलं की पुरे:

```
=NPER(0.0413,-2500,50000)
```

पहिला आकडा करासकट मासिक दर, दुसरा तुम्ही दरमहा भरणार ती रक्कम उणे चिन्हासह, तिसरा आजची बाकी. उत्तर येतं ४३.२ महिने. माझ्या हिशेबापेक्षा ते दीड-दोन महिन्यांनी जास्त आहे, कारण हे सूत्र पैसे महिन्याच्या अगदी शेवटी भरले असं धरतं आणि आपण बिलानंतर विसाव्या दिवशी भरतो. आता २५०० च्या जागी २००० लिहून पाहा. आकडा येत नाही, `#NUM!` असं येतं. पन्नास हजारांवर महिन्याचं व्याज आणि कर मिळून २,०६५ होतात. दोन हजार भरून ते कर्ज कधीच फिटणार नाही, म्हणून सूत्राकडे उत्तरच नाही.

ही कल्पनेतली गोष्ट नाही. काही कार्डांवर किमान रक्कम एकूण बाकीच्या दोन टक्के इतकी खाली असे. पन्नास हजारांवर हजार रुपये. व्याज दोन हजारांवर आणि हप्ता हजार, म्हणजे इमानेइतबारे दरमहा भरणाऱ्याचं कर्ज दरमहा वाढणार. रिझर्व्ह बँकेने २१ एप्रिल २०२२ ला कार्डांविषयीचे एकत्रित निर्देश काढले आणि ही वाट बंद केली. किमान रक्कम अशी ठरवायची की ती भरल्यावर कर्ज वाढता कामा नये, असं त्यात आहे. त्यामुळे काही बँका आता व्याज, कर आणि आकार पूर्ण धरून वर मुद्दलाचा एक छोटा टक्का अशी किमान रक्कम काढतात. तो टक्का दोन असेल तर मुद्दल निम्मं व्हायला ३४-३५ महिने लागतात. तुमच्या बँकेची पद्धत कोणती, ते कार्डाच्या अटींच्या पत्रकात ‘मिनिमम अमाउंट ड्यू’ या शब्दांपुढे लिहिलेलं असतं. पत्रकातली हीच ओळ आधी वाचावी.

याच निर्देशांनुसार बिलावर एक इशाराही छापावा लागतो: फक्त किमान रक्कम भरत राहिल्यास परतफेड महिनोन् महिने, वर्षानुवर्षं लांबेल आणि चक्रवाढ व्याज पडेल. तिच्या बिलावर तो होता, तळाशी. पण ‘महिने किंवा वर्षं’ वाचून कुणाच्या डोळ्यांसमोर साडेपंचवीस वर्षं येत नाहीत. अमेरिकेत २००९ च्या कायद्याने हा आकडा बिलावर छापणं बंधनकारक केलं: तुमची ही बाकी किमान रक्कम भरून इतक्या वर्षांत फिटेल, एकूण इतके डॉलर जातील, आणि तीन वर्षांत फेडायची तर दरमहा इतके भरा. तिकडे राहणाऱ्या कुणा नातेवाइकाचं बिल मिळालं तर जरूर पाहा. आपल्याकडेही प्रत्येकाच्या बिलावर त्याचा स्वतःचा आकडा छापला जावा, असं मला मनापासून वाटतं. बँकेच्या संगणकाला तो काढायला क्षणही लागणार नाही.

‘पण ४२ टक्के घेणं कायद्यात बसतं का?’ तिने विचारलं. सावकारीच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या माणसाला हा प्रश्न पडणारच. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये वर्षाला ३० टक्क्यांहून अधिक व्याज ही अनुचित प्रथा ठरवली होती. बँका सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि २० डिसेंबर २०२४ ला न्यायालयाने तो आदेश रद्द केला. व्याजदर हा रिझर्व्ह बँकेच्या अखत्यारीतला विषय आहे, असं न्यायालय म्हणालं. कार्डाच्या व्याजाला आज टक्क्यांची वरची मर्यादा नाही.

किमान रकमेचा उपयोग काय, तर ती वेळेत भरली की उशिराचा दंड लागत नाही आणि सिबिलच्या नोंदीत थकबाकी दिसत नाही. पगार लांबला, घरात आजारपण आलं, अशा एखाद्या महिन्यात हा आधार मोठा असतो. ती वर्षभर भरायची रक्कम नव्हे.

तिच्यासाठी आम्ही मार्ग काढला तो जुनाच. ती एका पतसंस्थेची सभासद आहे, तिथे तिला १५ टक्क्यांनी पन्नास हजारांचं कर्ज मिळालं. तेच अडीच हजार दरमहा भरून ते २४ हप्त्यांत फिटेल आणि एकूण सुमारे ५८,००० जातील. घरात सोनं असेल तर सोनेतारण कर्जानेही हेच साधतं. बँक स्वतः बाकीचे हप्ते पाडून द्यायला तयार असते, त्याचा दर कार्डाच्या दरापेक्षा कमी असतो. मात्र त्या व्याजावरही कर लागतो आणि प्रक्रियेचा आकार वेगळा, म्हणून एकूण किती जातील ते विचारून मगच हो म्हणावं.

२५ नोव्हेंबरला तिने कार्डाची ४९,५६४ ची बाकी एकरकमी भरली. १० डिसेंबरला तिचा संध्याकाळी फोन आला, आवाज रडवेला. ‘काकू, सगळे भरले तरी ९४२ रुपयांचं बिल आलंय.’

हे नेहमी होतं आणि इथेच लोक बँकेशी भांडायला जातात, किंवा चिडून ते बिल भरतच नाहीत आणि मग दंड ओढवून घेतात. मी तिला आमचा तो गुणाकार पुन्हा करायला सांगितलं. ११ ते २४ नोव्हेंबर असे चौदा दिवस ४९,५६४ रुपये खात्यावर उभे होते. त्या चौदा दिवसांचं व्याज ७९८ आणि कर १४४. ते नोव्हेंबरच्या बिलात येऊच शकत नव्हतं, कारण ते बिल निघालं तेव्हा ते दिवस उजाडायचे होते. फोनवर थोडा वेळ पेन्सिलीचा आवाज आला, मग ती म्हणाली, ‘बरोबर आहे.’ तिने ९४२ त्याच रात्री भरले. जानेवारीच्या बिलात बाकी शून्य दिसेपर्यंत कार्ड कपाटात ठेवायचं, असं आमचं ठरलं आहे.